फ्रेंच तोंडी परीक्षेतील चर्चा : किती पटले आणि किती नाही, हे सभ्यपणे सांगण्याची रीत

प्रश्न : मी डेल्फ बी-टूची तयारी करतो आहे. तोंडी परीक्षेचे सादरीकरण मला जमते, पण सरावात परीक्षकाने विरोधी प्रश्न विचारला की मी एक तर ‘तुमचे बरोबर आहे’ म्हणून गप्प होतो, नाही तर एकदम ‘नाही’ म्हणतो आणि ते उद्धट वाटते. फ्रेंचमध्ये सहमती, असहमती आणि स्वतःचे मत नम्रपणे कसे मांडावे?

उत्तर :

सर्वप्रथम परीक्षकाच्या विरोधाचे स्वरूप समजून घ्या. बी-टूच्या तोंडी परीक्षेत तयारीसाठी ३० मिनिटे मिळतात आणि प्रत्यक्ष परीक्षा सुमारे २० मिनिटांची असते. दोन छोट्या मजकुरांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, त्यांतला एक निवडायचा, त्यातून निघणारा प्रश्न आणि त्यावरचे आपले मत पाच ते सात मिनिटांत मांडायचे, आणि त्यानंतर दहा ते तेरा मिनिटे परीक्षकाशी चर्चा करायची, असा तिचा क्रम आहे. म्हणजे चर्चेला सादरीकरणापेक्षा जास्त वेळ दिलेला आहे, आणि तरीही बहुतेक विद्यार्थी जवळजवळ सगळी तयारी सादरीकरणाचीच करतात. चर्चेत उमेदवाराने आपले मत ठामपणे धरावे, गरजेप्रमाणे त्याला मुरड घालावी, नेमकेपणा आणावा आणि समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर देत आपली भूमिका राखावी, अशी अपेक्षा असते. हे पाहण्यासाठी परीक्षकाला विरुद्ध बाजू घ्यावीच लागते. त्याचे खासगी मत काहीही असो, तुम्ही एखाद्या बंदीच्या विरोधात बोललात तर तो बंदीची बाजू घेईल. त्यामुळे त्याचा विरोध म्हणजे तुमचे चुकल्याची खूण मुळीच नव्हे, आणि तुम्ही लगेच माघार घेतलीत तर तपासायला त्याच्या हाती काहीच उरत नाही.

फ्रेंच चर्चेत थेट असहमती दाखवणे असभ्य मानले जात नाही. असभ्य वाटते ते समोरच्याचे म्हणणे न ऐकल्यासारखे उत्तर देणे, किंवा त्याच्या मुद्द्याऐवजी त्यालाच चूक ठरवणे. म्हणून ‘वूझावे तोर’, म्हणजे ‘तुमचे चूक आहे’, आणि ‘से फो’, म्हणजे ‘हे खोटे आहे’, ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध असूनही परीक्षेत टाळावीत. ‘नँपोर्त क्वा’ हा उद्गार चित्रपटांत आणि मित्रांच्या गप्पांत सतत ऐकू येतो, म्हणून तो काही विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेला असतो. त्याचा अर्थ ‘काहीतरीच बोलता’ असा होतो, आणि परीक्षकासमोर तो सरळसरळ अपमान ठरतो. (या उत्तरात फ्रेंच वाक्यांचा उच्चार देवनागरीत जमेल तितका जवळचा दिला आहे. अनुस्वार आणि चंद्रबिंदू नाकातल्या स्वरांसाठी आहेत, आणि त्यांच्यापुढे न किंवा म स्पष्ट उच्चारायचा नाही.)

तुमच्या अडचणीचे मूळ माझ्या मते असे आहे की तुमच्याजवळ सहमतीची दोनच टोके आहेत, पूर्ण होकार आणि पूर्ण नकार. चर्चेतली बहुतेक खरी उत्तरे या दोहोंच्या मधे पडतात, आणि फ्रेंचमधली सभ्यता मुख्यतः हे मधले अंतर नेमके सांगण्यातच असते. ‘तुमचा हा भाग मला पटतो, तो भाग पटत नाही, आणि त्याचे कारण हे’ असे सांगणारा माणूस नम्रही वाटतो आणि ठामही. म्हणून शब्दांची लांबलचक यादी पाठ करण्याऐवजी ‘किती’ हे सांगणारी मोजकी वाक्ये पक्की करावीत.

सुरुवात ‘ज स्वी दाकोर’ या साध्या वाक्यापासून करू. ‘मी सहमत आहे’ हा त्याचा अर्थ. त्याला ‘आवेक वू’ जोडले की ‘तुमच्याशी’ आणि ‘स्युर स प्वँ’ जोडले की ‘या मुद्द्यावर’. हे शेवटचे तीन शब्द फार उपयोगी आहेत, कारण ते सहमतीला कुंपण घालतात. ‘ज स्वी दाकोर आवेक वू स्युर स प्वँ’ म्हणताच ऐकणाऱ्याला कळते की बाकीच्या मुद्द्यांवर तुम्हाला अजून काही सांगायचे आहे. ‘तुमचे बरोबर आहे’ यासाठी फ्रेंचमध्ये ‘असणे’ या क्रियापदाऐवजी ‘जवळ असणे’ हे क्रियापद लागते, म्हणून ‘वूझावे रेझों’. ‘वूझेत रेझों’ ही चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगितली पाहिजे. चर्चा तापली की चांगल्या विद्यार्थ्यांच्याही तोंडून ती निसटते.

आता नकाराकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. पुढची दोन वाक्ये लक्षपूर्वक वाचा. ‘ज न स्वी पा व्रेमाँ दाकोर’ आणि ‘ज न स्वी व्रेमाँ पा दाकोर’. शब्द तेच आहेत, फक्त ‘पा’ आणि ‘व्रेमाँ’ यांची जागा बदलली आहे. पहिल्याचा अर्थ ‘मला हे फारसे पटत नाही’ असा मवाळ होतो, आणि दुसऱ्याचा ‘मला हे खरोखरच पटत नाही’ असा कडक. ‘पा’च्या नंतर आलेला शब्द नकाराच्या कक्षेत जातो, म्हणजे त्या शब्दाचेच माप कमी होते. ‘पा’च्या आधी आलेला शब्द मात्र नकारालाच जोर देतो. मराठीत आपण ‘मला खरंच हे पटत नाही’ असे अगदी सहज म्हणतो, आणि तोच क्रम डोक्यात धरून बोलले की नकळत कडक वाक्य बाहेर पडते. हाच नियम ‘तूताफे’ या शब्दाला लागू आहे. त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’. ‘ज न स्वी पा तूताफे दाकोर’ म्हणजे ‘मी पूर्णपणे सहमत नाही’, म्हणजे थोडा मतभेद आहे. चर्चेसाठी याहून सोयीचे वाक्य मला माहीत नाही. याच्या अगदी जवळ कानाला लागणारे ‘ज न स्वी पा द्यु तू दाकोर’ मात्र ‘मी अजिबात सहमत नाही’ असे सांगते. ‘तूताफे’ आणि ‘द्यु तू’ यांची गल्लत झाली, की विद्यार्थ्याला सौम्य मतभेद दाखवायचा असतो आणि परीक्षकाच्या कानावर संपूर्ण नकार पडतो. मग परीक्षक त्या संपूर्ण नकाराचे समर्थन मागतो आणि विद्यार्थी गोंधळतो. पुढचा प्रश्न अनपेक्षितपणे टोकाचा आला, तर आपल्या मागच्या वाक्यात ही गल्लत झाली असण्याची शक्यता आधी तपासावी.

बोलीभाषेत फ्रेंच लोक ‘न’ गाळून ‘ज स्वी पा दाकोर’ असे म्हणतात. ते चूक नाही, पण परीक्षेत ‘न’ ठेवावा. त्याने वाक्याला औपचारिकपणा येतो आणि नकार स्पष्ट राहतो.

यापुढची गोष्ट बहुतेक पुस्तकांत एका ओळीत आटोपलेली असते, पण चर्चेत ती वारंवार लागते. परीक्षकाचा आवडता प्रश्न नकारार्थी असतो : ‘वू न पाँसे पा क...?’, म्हणजे ‘तुम्हाला असे वाटत नाही का, की...?’ याला ‘वाटते’ असे उत्तर द्यायचे असेल तर ‘वी’ चालत नाही, ‘सी’ म्हणावे लागते. नकारार्थी प्रश्नातला नकार खोडून काढणारा होकार म्हणजे ‘सी’. अशा प्रश्नाला मराठीत आपण ‘हो, वाटतं ना’ असेही म्हणतो आणि ‘नाही, वाटतं की’ असेही म्हणतो, म्हणून आपली जीभ इथे अडखळते. ‘वी’ म्हटले तर परीक्षकाला नेमके काय कळावे, हे अनिश्चित राहते. ‘नों’ म्हटले तर तुम्ही ‘वाटत नाही’ असे म्हणालात, आणि पुढे तुम्ही सहमतीचे वाक्य बोललात तर परस्परविरोध झाला. यावर उपाय असा, की अशा प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देऊन थांबू नये. ‘सी’ किंवा ‘नों’ म्हणून लगेच पूर्ण वाक्य जोडावे. पहिला शब्द चुकला तरी पुढचे वाक्य अर्थ सावरून घेते. त्याच जातीची आणखी एक जागा आहे. समोरच्याने नकारार्थी विधान केले आणि तुम्हालाही तसेच वाटत असेल, तर ‘म्वा ओसी’ न म्हणता ‘म्वा नों प्ल्यु’ म्हणावे. ‘मलाही पटत नाही’ मधला ‘ही’ फ्रेंचमध्ये नकारासाठी वेगळा आहे.

मत मांडताना ‘ज पाँस क’ म्हणजे ‘मला वाटते की’ हे सर्वांना येते. त्याच्या पुढे साधा वर्तमानकाळ येतो : ‘ज पाँस क से त्युतील’, म्हणजे ‘मला वाटते हे उपयोगी आहे’. पण वाक्य नकारार्थी झाले की क्रियापदाचे रूप बदलते आणि तिथे सब्जाँक्तीफ लागतो : ‘ज न पाँस पा क स स्वा त्युतील’. ‘से’च्या जागी ‘स स्वा’ आले. असहमती नम्रपणे दाखवण्याचे निम्मे मार्ग याच रूपातून जातात. ‘ज न स्वी पा स्युर क’ म्हणजे ‘मला खात्री नाही की’, आणि ‘ज न स्वी पा कोंव्हँक्यु क’ म्हणजे ‘माझी खात्री पटलेली नाही की’. दोन्हींच्या पुढे तेच रूप येते. बी-टूच्या पातळीवर परीक्षक हे रूप कान देऊन ऐकतो, कारण ते येथे स्वाभाविकपणे यावे अशी अपेक्षा असते. सगळ्या क्रियापदांची रूपे घाईघाईत पाठ करण्यापेक्षा चार पक्की करावीत : ‘स्वा’ (असणे), ‘ए’ (जवळ असणे), ‘प्विस’ (शकणे) आणि ‘फास’ (करणे). चर्चेतल्या बहुतेक नकारार्थी मतांना ही चार पुरतात. यात अडचण वाटत असेल तर ‘इल म साँब्ल क’, म्हणजे ‘मला असे दिसते की’, हे वाक्य घ्यावे. त्यापुढे साधे रूप येते आणि वाक्य तितकेच नम्र राहते. मात्र ‘म’ गाळून ‘इल साँब्ल क’ म्हटले तर पुन्हा सब्जाँक्तीफ लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

मत सौम्य करण्याचा आणखी एक सोपा मार्ग म्हणजे ‘ज दिरे प्ल्युतो क’. ‘मी उलट असे म्हणेन की’ असा त्याचा भाव आहे. परीक्षक तुमचे मत आपल्या शब्दांत जरा वाकडे करून परत मांडतो, तेव्हा हे वाक्य त्याला न दुखावता दुरुस्ती करते. परीक्षक असे मुद्दाम करतात, आणि घाबरलेला विद्यार्थी ते वाकडे मत तसेच स्वीकारून पुढची दहा मिनिटे स्वतःचे नसलेले मत लढवत बसतो. सादरीकरणात न म्हटलेले काही तुमच्या तोंडी घातले जात असेल, तर त्याच क्षणी ‘पा तूताफे’, म्हणजे ‘अगदी तसे नाही’, असे म्हणून ‘ज दिरे प्ल्युतो क’ने पुढे जावे.

उत्तराची बांधणी मी तीन पायऱ्यांत शिकवते. आधी परीक्षकाच्या म्हणण्यातला जो भाग मान्य आहे तो नेमका उच्चारायचा, मग ‘मे’ (पण) म्हणून मर्यादा घालायची, आणि शेवटी कारण व एक उदाहरण द्यायचे. फ्रान्समधल्या शाळांत ज्याला मान्य करून मग विरोध करणे म्हणतात, ती हीच रीत, आणि परीक्षकाच्या कानाला ती ओळखीची असते. मान्य करण्यासाठी ‘से व्रे क’ म्हणजे ‘हे खरे आहे की’ पुरेसे आहे. जास्त औपचारिक बोलायचे असेल तर ‘सेर्त’ (‘अर्थात, हे मान्य’) किंवा ‘ज रकोने क’ (‘मी कबूल करते की’). पहिल्या पायरीत कसूर करू नये. ‘ज कोंप्राँ वोत्र प्वँ द व्यु, मे...’ म्हणजे ‘मला तुमचा दृष्टिकोन समजतो, पण...’ हे वाक्य चांगले असले तरी ते प्रत्येक उत्तरात आले, आणि कोणता दृष्टिकोन समजला हे कधीच सांगितले नाही, तर परीक्षकाला ते पाठ केलेले आहे हे तिसऱ्या वेळी निश्चित कळते. त्याच्या मुद्द्यातला एखादा शब्द तुमच्या वाक्यात आला पाहिजे. ऐकल्याचा पुरावा म्हणजे तेवढेच.

आता एक चर्चा पूर्ण पाहू. फ्रान्समध्ये ३ ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने प्राथमिक शाळा आणि कोलेज, म्हणजे साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळा, यांत मोबाईल वापरण्यास मनाई झाली. शिक्षणासाठीचा वापर आणि शाळेच्या नियमांनी स्पष्टपणे परवानगी दिलेल्या जागा यांना त्यातून वगळले आहे. समजा, तुमचा मजकूर या विषयावर आहे आणि तुम्ही असे मत मांडलेत की वर्गात बंदी योग्य आहे, पण मधल्या सुट्टीत ती नसावी.

परीक्षक विचारतो : ‘वू न पाँसे पा क लेझेलेव्ह सों प्ल्यु कोंसाँत्रे साँ तेलेफोन?’ म्हणजे, ‘मोबाईल नसला की मुलांचे लक्ष जास्त लागते असे तुम्हाला वाटत नाही का?’

कमकुवत उत्तर असे असते : ‘वी, वूझावे रेझों.’ मग शांतता. येथे ‘वी’ तर चुकीचे आहेच, शिवाय विद्यार्थ्याने आपली भूमिका सोडून दिली, आणि तीही गरज नसताना, कारण वर्गातल्या बंदीला त्याचा विरोध नव्हताच. दुसऱ्या टोकाचे उत्तर ‘नों, ज न स्वी पा द्यु तू दाकोर’. हे स्वतःच्याच सादरीकरणाच्या विरुद्ध जाते.

चांगले उत्तर : ‘सी, स्युर स प्वँ, वूझावे रेझों : आँ क्लास, ल तेलेफोन देराँज. मे पाँदाँ ला रेक्रेआस्यों, ज न स्वी पा स्युर क लँतेर्दिक्स्यों स्वा त्युतील.’ म्हणजे, ‘वाटते, या मुद्द्यावर तुमचे बरोबर आहे, वर्गात मोबाईल अडथळा आणतो. पण मधल्या सुट्टीत बंदी उपयोगी आहे याची मला खात्री नाही.’ येथे ‘सी’ बरोबर आला, सहमतीला ‘स्युर स प्वँ’ने कुंपण घातले, आणि ‘स्युर क’नंतर ‘स्वा’ आला. एवढ्या दोन वाक्यांत तुमची भूमिका अबाधित राहिली.

परीक्षक पुढे दाबतो : ‘मे से ज्युस्तमाँ आ ला रेक्रेआस्यों क लेझाँफाँ दव्रे जुए आँसाँब्ल!’ म्हणजे, ‘पण नेमके सुट्टीतच तर मुलांनी एकत्र खेळायला हवे!’ हा खरोखर चांगला मुद्दा आहे, आणि चांगल्या मुद्द्याला चांगले म्हणायला हरकत नाही. ‘से व्रे क ले ज दाँ ला कूर, से तँपोर्ताँ’, म्हणजे ‘मैदानावरचे खेळ महत्त्वाचे आहेत हे खरे’, असे म्हणून पुढे जावे : ‘मे ओं प ले झाँकूराजे ओत्रमाँ, पार एग्झाँप्ल आवेक दे बालों ए दे क्ल्यूब.’ म्हणजे, ‘पण त्यांना दुसऱ्या मार्गाने उत्तेजन देता येईल, उदाहरणार्थ चेंडू आणि क्लब देऊन.’ उदाहरण साधे आहे, आणि ते तसेच असावे. चर्चेत उदाहरणाच्या थोरपणाला गुण नसतात, ते मुद्द्याला जोडलेले आहे का हे पाहिले जाते. ‘पार एग्झाँप्ल’ म्हटल्यावर शोधत बसावे लागेल असे उदाहरण निवडू नये.

मग परीक्षक सापळा लावतो : ‘दोंक, वूझेत कोंत्र ला ल्वा?’ म्हणजे, ‘म्हणजे तुम्ही कायद्याच्या विरोधात आहात?’ तुम्ही असे म्हटलेले नाही. उत्तर : ‘पा तूताफे. ज न स्वी पा कोंत्र ला ल्वा. ज दिरे प्ल्युतो क शाक एकोल प ओतोरीझे ल तेलेफोन दाँ सेर्तँ ल्य, कोम ला ल्वा ल पेर्मे.’ म्हणजे, ‘अगदी तसे नाही. मी कायद्याच्या विरोधात नाही. उलट मी असे म्हणेन की कायद्यात सोय आहे त्याप्रमाणे प्रत्येक शाळेला काही जागी मोबाईलला परवानगी देता येते.’ येथे विद्यार्थ्याला कायद्यातली सूट ठाऊक होती, म्हणून त्याचे उत्तर भक्कम झाले. ठाऊक नसती, तर शेवटचा तुकडा गाळून ‘दव्रे पूव्ह्वार ओतोरीझे’, म्हणजे ‘परवानगी देता आली पाहिजे’, असे म्हणणे सुरक्षित होते. माहीत नसलेली वस्तुस्थिती ठामपणे सांगू नये. परीक्षा ज्ञानाची नसली, तरी चुकीची माहिती परीक्षकाने पकडली की तुम्हाला दुरुस्तीत वेळ घालवावा लागतो.

या चर्चेत ‘ज्युस्तमाँ’ हा शब्द परीक्षकाने वापरला, तो तुम्हीही शिकून घ्यावा. समोरच्याचाच मुद्दा उचलून आपल्या बाजूने वळवायचा असेल तर वाक्याच्या सुरुवातीला ‘ज्युस्तमाँ’ म्हणतात, ‘नेमके म्हणूनच तर’ या अर्थाने. परीक्षक म्हणाला की मुले घरी तासन्‌तास मोबाईलवर असतात, तर ‘ज्युस्तमाँ, इल फो ल्यर आप्राँद्र आ ल्युतिलिझे’ असे उत्तर देता येते, म्हणजे ‘म्हणूनच तर त्यांना तो वापरायला शिकवायला हवे’. हा एक शब्द योग्य जागी आला की चर्चेला एकदम खऱ्या संवादाचा रंग चढतो.

एका जोडीबद्दल सावध करते. ‘आँनेफे’ आणि ‘आँ फेत’. पहिला शब्द आधीच्या म्हणण्याला दुजोरा देतो किंवा त्याचे कारण सांगतो. दुसरा, ‘खरे तर’ या अर्थाने, आधीच्या म्हणण्यात दुरुस्ती करतो. म्हणजे सहमतीला पहिला आणि सौम्य मतभेदाला दुसरा. यांची अदलाबदल झाली तर परीक्षकाला तुमच्या वाक्याची दिशाच कळत नाही. ‘आँनेफे’ म्हणून लगेच विरोधी मत मांडणारे विद्यार्थी मी दर वर्षी ऐकते.

कधी कधी परीक्षकाच्या मुद्द्याला तुमच्याजवळ खरोखर उत्तर नसते. अशा वेळी गप्प बसण्यापेक्षा किंवा उगाच विरोध ताणण्यापेक्षा ‘ज नियावे पा पाँसे’, म्हणजे ‘मी याचा विचार केला नव्हता’, असे म्हणणे प्रामाणिक आणि सभ्यही आहे. पण तेथे थांबू नये. त्याच्या पुढे मुद्दा मर्यादेत स्वीकारावा : हा मुद्दा लहान मुलांच्या बाबतीत खरा आहे, मोठ्यांच्या बाबतीत मला अजूनही तसे वाटत नाही. यासाठी ‘पा फोर्सेमाँ’ (‘असेच असेल असे नाही’) आणि ‘सा देपाँ द’ (‘ते अवलंबून आहे’) हे तुकडे चालतात, मात्र ‘सा देपाँ’ म्हणून वाक्य सोडून देणे म्हणजे मत न देणे होय. कशावर अवलंबून आहे, हे त्याच दमात सांगावे : ‘सा देपाँ द लाज’, म्हणजे ‘ते वयावर अवलंबून आहे’. प्रश्नच नीट कळला नसेल तर ‘सी ज कोंप्राँ ब्यँ, वू दीत क...’, म्हणजे ‘मला बरोबर कळले असेल तर तुम्ही म्हणता की...’, असे म्हणून तो आपल्या शब्दांत परत मांडावा. त्याने विचाराला थोडा वेळ मिळतो आणि चुकीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ येत नाही.

मत बदलले तर काय, असे विद्यार्थी विचारतात. थोडे मवाळ होणे चालते, किंबहुना चर्चेच्या शेवटी ‘सुट्टीत पूर्ण मोकळीक’ हे मत ‘सुट्टीत ठरावीक जागी परवानगी’ इथवर आले तर तो विचारांना मुरड घालण्याचा चांगला नमुना ठरतो. पण सादरीकरणाच्या बरोबर उलट मतावर जाऊन पोहोचू नये. आपली भूमिका पुन्हा सांगायची असेल तेव्हा ‘ज मँत्यँ क’, म्हणजे ‘मी माझ्या मतावर ठाम आहे की’, एकदा वापरता येते. वारंवार वापरले तर ते हट्टासारखे ऐकू येते.

‘वू’ आणि ‘त्यु’ यांविषयी थोडक्यात. बी-टूच्या चर्चेत परीक्षकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘वू’ म्हणावे. बी-वनच्या संवादात मात्र तुम्हाला भूमिका दिलेली असते आणि परीक्षक तुमचा मित्र असू शकतो, तेव्हा ‘त्यु आ रेझों’ असे ‘त्यु’चेच रूप हवे. तिथे ‘वू’ म्हटले तर दिलेली परिस्थिती समजली नाही असा अर्थ होतो. टीसीएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षेच्या तोंडी भागात मत मांडण्याचा तिसरा भाग साडेचार मिनिटांचा असतो आणि त्याला तयारीचा वेळ मिळत नाही, म्हणून तेथे वरची तीन पायऱ्यांची बांधणी आणखीच उपयोगी पडते.

सरावासाठी सोबती हवा, पण तो फ्रेंच उत्तम जाणणारा असलाच पाहिजे असे नाही. त्याने फक्त विरोध करायचा, आणि त्यातले निम्मे प्रश्न ‘वू न पाँसे पा क’ने सुरू करायचे. दहा मिनिटांची चर्चा फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि नंतर तीनच गोष्टी ऐका. नकारार्थी प्रश्नांना दिलेला पहिला शब्द कोणता होता, प्रत्येक उत्तरात परीक्षकाच्या वाक्यातला एखादा शब्द परत आला का, आणि ‘पाँस पा क’ किंवा ‘स्युर क’ यांच्या नकारानंतर क्रियापदाचे रूप बदलले का. उच्चार, गती आणि शब्दसंग्रह यांकडे त्या वेळी लक्ष देऊ नये, नाही तर लक्ष विखुरते. ‘व्रेमाँ पा’ आणि ‘पा व्रेमाँ’ यांचा फरक मात्र प्रत्येक मुद्रणात वेगळा टिपून ठेवावा, कारण ही चूक बोलणाऱ्याच्या कानाला ऐकू येत नाही, ती मुद्रण परत ऐकल्यावरच सापडते.